रजेच्या तेलुगू अर्जातले ऱ्हस्व-दीर्घ

तेलुगूत प्राचार्यांना रजेचा अर्ज लिहिताना विषयाच्या जागी अनेकदा दोनच शब्द येतात: ‘सॆलवु कॊरकु’. सॆलवु म्हणजे रजा आणि कॊरकु म्हणजे साठी. यातला ‘कॊ’ ऱ्हस्व आहे. घाईघाईत तो दीर्घ लिहिला गेला तर ‘सॆलवु कोरकु’ असं होतं, आणि त्याचा अर्थ होतो ‘रजा मागू नकोस’. ‘कोरु’ हा मागणे, इच्छिणे या अर्थाचा धातू आहे. त्याला ‘-अकु’ लागला की मनाईचं रूप तयार होतं, आणि तेही ज्याला आपण अरे-तुरे करतो त्याच्यासाठी. म्हणजे अर्जाचा विषय उलटतो आणि प्राचार्यांना एकेरी संबोधलंही जातं. शिक्षक संदर्भावरून समजून घेतात, रजाही मिळते. पण त्या ओळीखाली लाल रेघ येते, आणि ती येणं योग्यच आहे, कारण तिथे शब्दच दुसरा लिहिला गेलेला असतो.

मराठी वाचकाला हे लगेच पटत नाही, कारण आपल्या ‘ए’ आणि ‘ओ’ला ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. तेलुगूत तो आहे. अ-आ, इ-ई, उ-ऊ यांच्याप्रमाणेच तिथे ऎ-ए आणि ऒ-ओ अशा जोड्या आहेत आणि शाळेच्या बाराखडीत, म्हणजे त्यांच्या ‘गुणिंतं’मध्ये, त्या वेगवेगळ्या घोटल्या जातात. देवनागरीत हे ऱ्हस्व स्वर दाखवायला ऎ, ऒ आणि त्यांच्या मात्रा आहेत. मराठी लिहिताना त्यांची गरज पडत नाही म्हणून आपल्याला त्या अनोळखी वाटतात. या लेखात सगळे तेलुगू शब्द त्या चिन्हांनीच लिहिले आहेत. साधा ‘ए’ किंवा ‘ओ’ दिसला की तो लांबवून वाचायचा, ‘ऎ’ किंवा ‘ऒ’ दिसला की झटकन सोडायचा. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तेलुगूत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ गिळला जात नाही. ‘अक्क’ हा शब्द आपण ‘राम’ म्हणतो तसा अर्धवट न सोडता ‘क’ पूर्ण उच्चारून संपवायचा.

खुद्द भाषेच्या नावातच फरक दिसतो. आपण ‘तेलुगू’ लिहितो: आरंभीचा ए लांब, शेवटचा गू दीर्घ. तेलुगू माणूस लिहितो आणि म्हणतो ‘तॆलुगु’. तिन्ही अक्षरं ऱ्हस्व, एकेका मात्रेची. शेवटचा उकार दीर्घ लिहिणं हा आपला नियम आहे. 1962 साली मान्य झालेल्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनुसार संस्कृतातून आलेले ‘कवि’, ‘गुरु’सुद्धा मराठीत ‘कवी’, ‘गुरू’ असे लिहायचे. तेलुगूची ओढ नेमकी उलट्या दिशेला आहे. संस्कृतातली ‘नदी’ तिथे ‘नदि’ होते, ‘देवी’ची ‘देवि’ होते, ‘भाषा’ची ‘भाष’ होते. कॉलेजला ‘कळाशाल’ म्हणतात. आतले दोन्ही आकार दीर्घ आणि शेवटचा ‘ल’ मात्र ऱ्हस्व. सोलापुरात पद्मशाली समाजाची घरं घरात तेलुगू आणि शाळेत मराठी अशी दोन्ही भाषांत वावरतात. तिकडे आदिलाबादच्या बाजूला मराठी घरांतली मुलं तेलुगू शिकतात. शेवटच्या अक्षरापाशी या दोघांचीही गफलत होते. बेफिकिरी हे तिचं कारण नाही. एका भाषेत शुद्ध ठरलेली सवय दुसऱ्या भाषेत चूक ठरते.

आता अर्जच समोर ठेवू. इंटरमीडिएटच्या, म्हणजे आपल्याकडच्या अकरावी-बारावीच्या, दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तो लिहिते आहे. हा नमुना मी बेतलेला आहे, पण त्यातली वाक्यं अशा अर्जांत नेहमी येणारी आहेत.

‘गौरवनीयुलैन प्रिन्सिपाल् गारिकि, नमस्कारमुलु. नेनु मी कळाशाललो इंटर्मीडियट् रॆंडव संवत्सरं चदुवुतुन्नानु. नाकु निन्नटि नुंडि कळ्ळु नॊप्पिगा उन्नायि. प्राक्टिकल् परीक्षल गुरिंचि मीरु चॆप्पिनदि विन्नानु. कावुन नाकु मूडु रोजुलु मात्रमे सॆलवु इव्ववलसिनदिगा कोरुतुन्नानु. इट्लु, तम विधेयुरालु.’

मराठीत सांगायचं तर: ‘आदरणीय प्राचार्य यांस, नमस्कार. मी आपल्या महाविद्यालयात इंटरमीडिएटच्या दुसऱ्या वर्षाला शिकत आहे. कालपासून माझे डोळे दुखत आहेत. प्रात्यक्षिक परीक्षांबद्दल आपण सांगितलेलं मी ऐकलं आहे. तरी मला फक्त तीन दिवस रजा द्यावी, ही विनंती. आपली आज्ञाधारक.’

आधी दुखणं पाहू. ‘कळ्ळु’ म्हणजे डोळे. पहिल्या ‘क’चा ‘का’ झाला की ‘काळ्ळु’ होतं, म्हणजे पाय. दोन्ही वाक्यं तितकीच बरोबर आहेत, दोन्ही दुखण्यांसाठी रजा मागता येते, त्यामुळे वाचणाऱ्याला चूक झाल्याची शंकासुद्धा येणार नाही. कागदावर हा फरक फार लहान असतो. तेलुगू अक्षराच्या डोक्यावर एक छोटीशी टीक असते, तिला ‘तलकट्टु’ म्हणतात. तिच्या जागी उजवीकडे वळणारी रेघ ओढली की तो ‘दीर्घं’, आणि ‘क’चा ‘का’ होतो. पेन नीट उमटलं नाही किंवा वळण आखूड पडलं की डोळ्यांचे पाय होतात. आणि ‘क’ ऱ्हस्वच राहिला, पण ‘ळ’च्या जोडाक्षराऐवजी ‘ल’चं जोडाक्षर लिहिलं, तर ‘कल्लु’ होतं, म्हणजे ताडी. तेलंगणातल्या आणि आंध्रातल्या गावांत हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, त्यामुळे तो वाचताना कुणी अडखळत नाही.

या शब्दातला ‘ळ्ळ’ कुठून आला हे कळलं की तो पाठ करावा लागत नाही. एका डोळ्याला तेलुगूत ‘कन्नु’ म्हणतात आणि एका पायाला ‘कालु’. अनेकवचनाचा प्रत्यय ‘-लु’ आहे. ‘रोजु’ म्हणजे दिवस, त्याचं ‘रोजुलु’, ‘परीक्ष’चं ‘परीक्षलु’. इथे प्रत्यय मुकाट्याने मागे लागतो आणि ‘ल’ एकच राहतो. पण मूळ शब्दाच्या शेवटी ‘लु’, ‘रु’, ‘न्नु’ किंवा ‘ंडु’ असेल तर बऱ्याच शब्दांत तो प्रत्ययात मिसळून जातो आणि दोघांचा मिळून ‘ळ्ळ’ होतो. ‘कालु’ आणि ‘लु’ मिळून ‘काळ्ळु’. ‘चॆल्लॆलु’ म्हणजे धाकटी बहीण, तिचं अनेकवचन ‘चॆल्लॆळ्ळु’. ‘गोरु’ म्हणजे नख, त्याची ‘गोळ्ळु’. डोळ्यांच्या बाबतीत मधली पायरी ‘कंड्लु’ अशी आहे, आणि तेलंगणात आजही डोळ्यांना ‘कंड्लु’ आणि फळांना ‘पंड्लु’ म्हणतात. म्हणजे कळ्ळुतला दुसरा ‘ळ’ हा खरं तर अनेकवचनाचा प्रत्यय आहे. तो गाळणं म्हणजे प्रत्यय गाळणं. आणि ‘रोजुलु’मध्ये जोडाक्षर घालणं म्हणजे जिथे काही मिसळलेलंच नाही तिथे मिसळल्याची खूण करणं.

त्याच वाक्यात ‘नॊप्पि’ आहे, म्हणजे दुखणं. त्यात ऱ्हस्व ‘नॊ’ आणि दुहेरी ‘प’ शेजारी शेजारी आले आहेत, आणि या शेजारात तेलुगूची एक मोठी खोड दडलेली आहे. ऱ्हस्व स्वराला एक मात्रा, दीर्घाला दोन. पण ऱ्हस्व स्वरापुढे जोडाक्षर आलं की ते अक्षरही दोन मात्रांइतकं जड होतं, कारण पहिलं व्यंजन धरून ठेवावं लागतं. ‘नॊप्पि’ म्हणताना ओठ मिटल्यावर क्षणभर तसेच थांबतात आणि मग उघडतात. त्यामुळे जडपणा आणायचे दोन मार्ग आहेत: स्वर ओढा, नाहीतर व्यंजन अडवा. ‘कालु’त स्वर ओढला आहे आणि ‘कल्लु’त व्यंजन अडवलं आहे. दोघांचं वजन सारखं, अर्थ मात्र पाय आणि ताडी.

हे तेलुगूच्या अंगात किती मुरलेलं आहे हे बाहेरून आलेल्या शब्दांत दिसतं. विद्यार्थी प्राचार्यांच्या सहीसाठी आणखी एक अर्ज नेहमी करतात, बसच्या पासचा. तेलुगूत तो ‘बस्सु पासु’. ‘बस’चा स्वर आखूड, म्हणून ‘स’ दुहेरी. ‘पास’चा स्वर लांब, म्हणून ‘स’ एकेरी. पेनचं ‘पॆन्नु’ आणि कपचं ‘कप्पु’ होतं, पण क्लासचं ‘क्लासु’ आणि सीटचं ‘सीटु’. कुणी नियम सांगितला नाही तरी तेलुगू तोंडातून हे असंच बाहेर पडतं. ‘बसु पास्सु’ लिहिलेलं कानाला तत्काळ खुपेल.

आपल्या कानाची घडण इथे वेगळी पडते, आणि त्याला इतिहास आहे. प्राकृतातला ‘हत्थ’ मराठीत ‘हात’ झाला, ‘कम्म’चं ‘काम’ झालं, ‘सत्त’चे ‘सात’ झाले. आपण व्यंजन अडवणं सोडून दिलं आणि त्या बदल्यात स्वर ओढला. एकूण वजन तेवढंच राहिलं. तेलुगूने दोन्ही मार्ग जिवंत ठेवले आणि त्यांच्यावर वेगवेगळे अर्थ टांगले. म्हणून मराठी कानाला ‘कल्लु’ आणि ‘कालु’ यांतलं अंतर तेलुगू कानापेक्षा कमी वाटतं. अर्थात, आखूड स्वर असेल तरच दुहेरी व्यंजन येईल असा पक्का नियम मात्र करता येत नाही. ‘काळ्ळु’, ‘नीळ्ळु’ म्हणजे पाणी, ‘नान्न’ म्हणजे वडील, अशा शब्दांत दीर्घ स्वर आणि जोडाक्षर एकत्र नांदतात.

आता अर्जातलं सगळ्यात नाजूक वाक्य: ‘मीरु चॆप्पिनदि विन्नानु’. आपण सांगितलेलं मी ऐकलं. ‘विन्नानु’तलं जोडाक्षर गेलं आणि आकारही ऱ्हस्व झाला तर उरतं ‘विननु’, आणि त्याचा अर्थ ‘मी ऐकणार नाही’. तेलुगूत नकारासाठी ‘नाही’सारखा वेगळा शब्द दरवेळी लागत नाही. धातूला ‘-अनु’ लागला की ‘मी करत नाही’ किंवा ‘मी करणार नाही’ असं रूप तयार होतं. ‘तिन्नानु’ म्हणजे मी खाल्लं आणि ‘तिननु’ म्हणजे मी खाणार नाही. ‘अन्नानु’ म्हणजे मी म्हणालो, ‘अननु’ म्हणजे मी म्हणणार नाही. भूतकाळ आणि नकार यांच्यामध्ये फक्त एक अडवलेला ‘न’ आणि एक ओढलेला आकार उभा आहे.

अर्थ उलटायला दोन्ही चुका एकत्र व्हाव्या लागतात, हेही सांगायला हवं. नुसतं जोडाक्षर गळलं तर ‘विनानु’ होतं, नुसता आकार गेला तर ‘विन्ननु’. या दोन्हींना काही अर्थ नाही, त्यामुळे वाचणारा मनातल्या मनात दुरुस्त करून पुढे जातो. पण या दोन चुका अनेकदा जोडीने होतात, आणि त्याचं कारण लिहिण्याच्या क्रमात आहे. तेलुगूत जोडाक्षराचं दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली लटकवतात. त्याला ‘वत्तु’ किंवा ‘ऒत्तु’ म्हणतात. मात्रा मात्र वरच्या अक्षराला लागते. हाताने लिहिताना सहसा वरचं अक्षर मात्रेसकट पूर्ण होतं आणि वत्तु नंतर खाली येतो. घाईत असलेला हात पुढच्या अक्षराकडे सरकतो आणि वत्तु राहून जातो. शिवाय ‘न’चा वत्तु ‘न’सारखा दिसत नाही. ‘ळ’चा वत्तु म्हणजे लहानसा ‘ळ’च, पण त, न, म, य, ल या अक्षरांच्या वत्तूंचे आकार अगदी वेगळे आहेत आणि ते स्वतंत्रपणे शिकावे लागतात. पुन्हा वाचताना डोळा वरच्या ओळीवरून धावतो, खाली काय लटकायचं राहिलं ते त्याला दिसत नाही.

‘चदुवुतुन्नानु’ आणि ‘कोरुतुन्नानु’ या क्रियापदांतही तेच ‘न्ना’ आहे. अर्जात ते पुन्हा पुन्हा येतं, आणि त्याचं मूळ एकच आहे. ‘उन्नानु’ म्हणजे मी आहे. ‘चदुवुतु’ म्हणजे शिकत, त्यापुढे ‘उन्नानु’. दोन्ही मिळून ‘चदुवुतुन्नानु’, शिकत आहे. हे फोडून पाहिलं की ‘न्ना’ कधी चुकत नाही. तरीही तेलंगणातल्या मुलांच्या अर्जांत ‘चदुवुतुन्न’ असं शेवट तुटलेलं रूप येतं. त्याचं कारण बोलीत आहे. तिथे ‘नेनु चदुवुतुन्न’ असंच बोलतात. कानाने ऐकलेलं हाताने लिहिलं गेलं, एवढंच. माझ्या मते शिक्षकांनी ही गोष्ट वरच्या ‘विननु’पासून वेगळी मोजावी. तिथे अर्थ बिघडतो, इथे फक्त घरचं रूप औपचारिक कागदावर आलेलं असतं.

औपचारिक कागद म्हटलं की तेलुगूचा दुसरा जुना पेच समोर येतो. पूर्वी लेखनात ‘ग्रांथिक’ भाषा चाले. गिडुगु वेंकट राममूर्ती यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिक्षणात आणि लेखनात बोलीजवळची ‘व्यावहारिक’ भाषा यावी म्हणून चळवळ केली. 29 ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस तेलुगू भाषा दिन म्हणून पाळला जातो. पुस्तकं आणि वर्तमानपत्रं बदलली, पण अर्जाच्या साच्यात जुनी रूपं टिकून राहिली. आपल्या नमुन्यातलं ‘नमस्कारमुलु’ हे जुनं रूप आहे. आजचं रूप ‘नमस्कारालु’. मधला ‘मु’ गळाला आणि त्याच्या आधीचा ऱ्हस्व ‘अ’ दीर्घ झाला. ‘पुस्तकमुलु’चं ‘पुस्तकालु’ आणि ‘संवत्सरमुलु’चं ‘संवत्सरालु’ असंच झालं आहे. ‘इव्ववलसिनदिगा’चंही तेच. आजच्या तेलुगूत तो ‘इव्वाल्सिंदिगा’ असा आखडतो. ‘वव’तला दुसरा ‘व’ नाहीसा होतो आणि त्याची जागा दीर्घ आकार भरून काढतो.

गडबड होते ती या दोन रूपांच्या मध्ये. मुलांनी साचा पाठ केलेला असतो, कानात आजचं रूप असतं, आणि कागदावर ‘नमस्कारामुलु’ किंवा ‘इव्ववाल्सिनदिगा’ उतरतं. गळलेल्या अक्षराची भरपाई म्हणून आलेला दीर्घ आणि न गळलेलं अक्षर दोन्ही एकत्र येतात. ‘इव्ववलसिन’मध्ये आणखी एक खाच आहे. ‘इच्चु’ म्हणजे देणे, त्याचं पुढच्या प्रत्ययांसाठीचं रूप ‘इव्व’. त्यापुढे ‘वलसिन’. म्हणजे आधी दुहेरी ‘व’ आणि लगेच एकेरी ‘व’. सलग तीन ‘व’ लिहिताना हात थबकतो आणि ‘इव्वलसिन’ किंवा ‘इववलसिन’ असं काहीतरी लिहून पुढे जातो. शब्द ‘इव्व’ आणि ‘वलसिन’ असा तोडून सावकाश उच्चारला की कुठे दोन आणि कुठे एक ते कळतं. जुनं रूप जमत नसेल तर आजचं लिहावं. विद्यार्थ्याच्या अर्जात ते अजिबात वावगं दिसत नाही.

लिहून झाल्यावर चुका शोधायची एक रीत आहे आणि ती आवाजी आहे. अर्ज डोळ्यांनी न वाचता मोठ्याने, शब्दामागून शब्द, जरा ताणून वाचायचा आणि प्रत्येक शब्दात आवाज कुठे ओढला गेला आणि कुठे अडला एवढंच पाहायचं. जिथे ओढला तिथे कागदावर दीर्घाची खूण हवी. जिथे अडला तिथे खाली वत्तु हवा. ‘सॆलवु’त काहीच ओढलं जात नाही आणि काहीच अडत नाही. ‘रोजुलु’त पहिलं अक्षर ओढलं जातं. ‘नॊप्पि’त ‘प’ अडतो. तेलुगू ज्याची मातृभाषा आहे त्याचं तोंड इथे सहसा चुकत नाही. लेखणी चुकते, आणि तोंड तिला पकडून देतं. मराठी घरातल्या मुलाला मात्र ऱ्हस्व ऎ-ऒसाठी ही रीत पुरत नाही, कारण त्याच्या तोंडातच तो भेद आलेला नसतो. त्याला ‘कॊरकु’ आणि ‘कोरु’ हे शब्द जोडीने, दुसऱ्याच्या तोंडून ऐकूनच बसवावे लागतात.

एका गोष्टीवर मात्र लाल शाई खर्च करू नये असं मला वाटतं. ‘कळ्ळु’ हा शब्द ‘ळ’खाली ‘ळ’चा वत्तु देऊनही लिहितात आणि ‘ळ’खाली ‘ल’चा वत्तु देऊनही. ‘पॆळ्ळि’ म्हणजे लग्न, त्याचंही तसंच. छापील मजकुरात दोन्ही रूपं दिसतात, उच्चार एकच राहतो आणि अर्थालाही धक्का लागत नाही. बहिणीच्या लग्नासाठी रजा मागणाऱ्या मुलाने ‘पॆळ्लि’ लिहिलं म्हणून त्याचे गुण कापायचं कारण नाही. त्याच अर्जाच्या वर ‘कोरकु’ लिहिलेलं असेल, तर ते आधी दाखवावं.